उत्तर मराठीत आलं, पण समजलं कोणाला?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. आधी खालचा मेसेज वाचा. खरीप २०२४ मध्ये आपल्या शेलूबाजारजवळच्या एका शेतकऱ्याला पीकविमा कंपनीकडून आलेला आहे. त्यांचं नाव, गाव, अर्ज क्रमांक काढून टाकलाय. कंपनीचंही नाव लिहीत नाही, कारण असं लिहिणारी ती काही एकटी नाही.

"प्रिय ग्राहक, आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आपले धन्यवाद. आम्हाला आपल्याला कळविण्यास खेद होत आहे की आपल्या दाव्यावर प्रक्रिया केली जाऊ शकली नाही कारण योजनेद्वारे आवश्यक असलेल्या घटनेच्या घडण्याच्या ७२ तासांच्या आत आमच्याद्वारे सूचना प्राप्त झालेली नव्हती. जर आपल्याकडे सूचना केली गेल्याचा कोणताही कागदोपत्री पुरावा असेल तर आपणास विनंती करण्यात येते की तो ७ दिवसांच्या आत सादर करावा, ज्यात अपयशी ठरल्यास आपली विनंती बंद झालेली मानली जाईल."

एकदा वाचून समजलं असेल तर तुम्हाला नमस्कार. मी रोज बातम्या लिहितो, तरी मला दोनदा वाचावं लागलं.

त्या काकांनी यातून काय अर्थ काढला ते ऐका. पहिल्यांदा 'दावा' शब्दावर त्यांचे डोळे थांबले. आपल्याकडे दावा म्हणजे कोर्टातला. भावाभावात वाटणीचा दावा लागतो, बांधाचा दावा लागतो. विम्याला सगळे 'क्लेम' म्हणतात. काका म्हणाले, "माह्यावर कायचा दावा लावला बा?" तो धसका ओसरल्यावर पुढचं वाक्य त्यांनी नातवाकडून वाचून घेतलं. 'आमच्याद्वारे सूचना प्राप्त झालेली नव्हती.' काकांचा निष्कर्ष सरळ होता : "सूचना कंपनीनं केलीच नाई म्हन्ते ते. म्हंजे त्याइचीच चूक हाये. मंग देतीन पैसे." आणि ते निवांत वाट पाहत बसले.

काकांच्या शेतात पाणी साचलं होतं, सोयाबीन पिवळं पडून गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टोल फ्री नंबरवर फोन करून कळवलं होतं. त्याचा डॉकेट आयडी त्यांच्याच मोबाइलमध्ये मेसेजच्या ढिगात पडलेला होता. कंपनी नेमका तोच मागत होती. पण मेसेज माझ्यापर्यंत पोचला तो नवव्या दिवशी, आणि मुदत होती सात दिवसांची.

आता कोणी म्हणेल, शेतकरी कमी शिकलेला, त्याला काय समजणार. मला हे मान्य नाही. काका सातबारा वाचतात, फेरफार वाचतात, सोसायटीच्या कर्जाचा उतारा वाचतात. त्यात 'पोटखराबा', 'भोगवटादार', 'आकारणी' असे शब्द असतात, ते त्यांना पाठ आहेत. अवघड शब्दाला आपला माणूस घाबरत नाही. मेसेज कळला नाही कारण त्यातले शब्द मराठी आहेत आणि वाक्य इंग्रजी आहे.

हा फरक नीट समजून घेऊ. कारण असं काही दिसलं की आपण लगेच 'सरकारी मराठी फार संस्कृतप्रचुर' म्हणून मोकळे होतो. ही ओरड जुनी आहे. राज्य झालं १९६० साली, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. तेव्हापासून शब्दांवरून भांडणं चालू आहेत. त्या कोशातले काही शब्द रुळले, काहींची थट्टा झाली. पण शब्द बदलून वाक्य सुधारत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला की कार्यालयाकडून बऱ्याचदा एक ओळीचं उत्तर येतं : 'मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.' उत्तर चीड आणणारं आहे, 'अभिलेख' शब्द जड आहे, पण वाक्य एका दमात कळतं. काय नाही, कुठं नाही, सगळं जागच्या जागी. ते वाक्य मराठीच्या चालीनं चाललं आहे.

याउलट बँकेचा मेसेज पाहा : 'आपला ओटीपी कोणासोबतही सामायिक करू नका.' यात एकही अवघड शब्द नाही. पण सामायिक, आपल्या बोलण्यात सामाईक, विहीर असते, बांध असतो, धुरा असतो. चार जणांच्या मालकीचं ते सामाईक. ओटीपी सामाईक कसा करतात? इंग्रजीत 'शेअर' म्हटलं, कोशात 'शेअर' समोर 'सामायिक' दिसलं, बसवून दिलं. आपण काय म्हणतो? 'ओटीपी कोणालाही सांगू नका.' ही चूक निदान एका शब्दाची आहे, वाचणारा अंदाजानं निभावून नेतो. काकांच्या मेसेजमध्ये अख्खी मांडणीच उसनी होती.

त्याच्या मागचं इंग्रजी मी अंदाजानं मनात उभं केलं. फार कष्ट पडले नाहीत, आणि ही एक चांगली परीक्षा आहे. मराठी वाचताना त्यामागचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं दिसायला लागलं तर समजा मराठी झालेलंच नाही. तो मेसेज असाच, काच पुसल्यासारखा आरपार दिसत होता. आता एकेक गाठ सोडवतो.

पहिली गाठ 'द्वारे'. इंग्रजी कार्यालयांची एक सवय आहे, करणाऱ्याला वाक्याच्या शेवटी ढकलायचं, नाहीतर गाळूनच टाकायचं. 'आम्हाला कळलं नाही' असं म्हणायचं नाही, 'आमच्याकडून सूचना प्राप्त केली गेली नाही' असं म्हणायचं. इंग्रजीत ते चालतं, कारण तिथं त्या छोट्या शब्दावरून करणारा कोण ते स्पष्ट होतं. मराठीत त्याच्या जागी 'द्वारे' टाकला की घोटाळा होतो. 'द्वारे' म्हणजे मार्फत. पोस्टाद्वारे पत्र येतं, कालव्याद्वारे पाणी येतं. त्यामुळे 'आमच्याद्वारे सूचना' वाचलं की सूचना देणारी कंपनीच, असाच अर्थ लागतो. काकांनी मराठी बरोबर वाचलं. लिहिणाऱ्यानं चुकीचं लिहिलं.

मराठीकडे यासाठी फार सोपी सोय आहे. 'मला भूक लागली', 'त्याला राग आला', 'आम्हाला पत्र मिळालं'. ज्याला काही मिळतं, कळतं, दिसतं, लागतं, त्याला 'ला' लावायचा आणि वाक्य त्याच्यापासून सुरू करायचं. 'आम्हाला तुमचा फोन मिळाला नाही.' इथं कोणी कोणाला कळवायचं होतं यात शंका उरत नाही.

त्यातच 'सूचना' शब्दानं भर घातली. मराठीत सूचना म्हणजे वरून आलेलं सांगणं. नोटीस बोर्डावर सूचना असते, सभेत सूचना मांडतात, मास्तर पोरांना सूचना देतात. शेतकरी कंपनीला सूचना करत नाही, माहिती देतो, कळवतो. हिंदीत मात्र सूचना म्हणजे सरळ माहिती. माझा अंदाज असा की इंग्रजी मजकूर आधी हिंदीत गेला आणि हिंदीतून घाईनं मराठीत उतरला. 'प्राप्त' आणि 'द्वारे' यांची गर्दीही तेच सांगते. दोन्ही भाषांची लिपी एक, त्यामुळे तपासणाऱ्याला शब्द ओळखीचा वाटतो आणि तो पुढं सरकतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे काय ते सांगायला नको.

दुसरी गाठ क्रमाची. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

इंग्रजी वाक्य आधी निकाल सांगतं, मग कारण जोडतं, मग कारणाला अट जोडतं, अटीला आणखी शेपूट. रेल्वेच्या डब्यासारखं मागं मागं जोडत जाता येतं, कारण क्रियापद सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं. मराठीत क्रियापद शेवटी. आपण कारण आधी सांगतो, निकाल नंतर. 'पाऊस उशिरा आला म्हणून पेरणी मोडली.' 'बस चुकली म्हणून उशीर झाला.' कोणी असं म्हणत नाही की 'पेरणी मोडली गेली कारण पाऊस उशिराने प्राप्त झाला'. 'कारण' वापरू नये असं नाही, भांडणात तर आपण हमखास वापरतो. पण निकाल, कारण, अट आणि मुदत हे सगळं एका वाक्यात इंग्रजी क्रमानं कोंबलं की मराठी वाचणाऱ्याला सगळं डोक्यात धरून शेवटच्या 'नव्हती'ची वाट पाहावी लागते. तिथं पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते.

तेच 'की'चं. 'आम्हाला कळविण्यास खेद होत आहे की' म्हणून वाक्य टांगून ठेवायचं आणि मग मूळ गोष्ट सांगायची. मराठी बोलताना मूळ गोष्ट आधी सांगून मागून 'असं' जोडते. 'उद्या येतो असं म्हणाला.' 'बाहत्तर तासांत कळवायचं असा नियम आहे.' ऐकणाऱ्याला हवं ते आधी मिळतं, कोणी सांगितलं ते नंतर.

आणि ते 'ज्यात अपयशी ठरल्यास'. इंग्रजीत वाक्य संपल्यावर स्वल्पविराम देऊन पुन्हा 'जे', 'ज्यात', 'ज्याला' म्हणून पुढं जाता येतं. मराठीतला 'जो' एकटा येत नाही, तो आपल्या 'तो'ला बरोबर घेऊन येतो आणि बहुतेक वेळा आधीच येतो. 'जो कागद असेल तो घेऊन या.' मागून लटकणारा 'ज्यात' वाचणाऱ्याला अधांतरी ठेवतो. कशात अपयशी? सात दिवसांत? पुराव्यात? विनंतीत? तिथं वाक्य संपवायचं आणि नवं सुरू करायचं, एवढाच उपाय आहे.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी डेस्कवर लागलो तेव्हा इंग्रजी एजन्सीच्या बातम्या मराठीत करायचं काम आम्हा पोरांकडं असायचं. 'जेव्हा एका भरधाव ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली तेव्हा एक इसम ठार झाला' अशा बातम्या रोज यायच्या. आमचे एक ज्येष्ठ उपसंपादक होते. ते कागद हातातून काढून घ्यायचे, टेबलावर पालथा ठेवायचे आणि विचारायचे, "काय झालं?" आपण म्हणायचो, "ट्रकच्या धडकेत एकजण गेला, साहेब." "मग तेच लिही ना." एवढंच त्यांचं भाषांतराचं शास्त्र. पण त्यात मुद्दा आहे. इंग्रजी डोळ्यासमोर असेपर्यंत हात त्याच्या क्रमानं लिहितो. कागद पालथा केला की हातात फक्त घटना उरते, आणि घटना आपण आपल्याच क्रमानं सांगतो. त्यानंतर कागद पुन्हा सरळ करून तारीख, आकडा, नाव काही सुटलं का ते तपासायचं. हा दुसरा भाग विसरला तर बातमी गोड होते आणि चुकीची होते, हेही ते बजावायचे.

तिसरी गाठ, 'घटनेच्या घडण्याच्या'. इंग्रजीला कामाचं नाव करून ठेवायची हौस आहे. पाणी साचलं, कळवलं, तपासलं या साध्या कामांची 'घटना', 'सूचना', 'प्रक्रिया' अशी नावं होतात. मग त्या नावांना एकमेकांत अडकवायला 'च्या'ची साखळी लागते. 'योजनेद्वारे आवश्यक असलेल्या घटनेच्या घडण्याच्या ७२ तासांच्या आत' यात पहिल्या 'आवश्यक असलेल्या'चा धागा कुठं जोडायचा? वाचताना वाटतं, योजनेला ती आपत्तीच आवश्यक होती! लागोपाठ तीन 'च्या' दिसले की थांबा आणि त्या नावांची पुन्हा क्रियापदं करा. 'शेतात पाणी साचल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायला हवं.' साखळी तुटते, आणि काय झालं तेही कळतं. 'घटना' म्हणजे नक्की काय, गारपीट, अतिवृष्टी की आग, हे मूळ मेसेजमध्ये कुठं आहे? इंग्रजीतही नसावं. तिथली मोघम जागा मराठीत जशीच्या तशी आली.

राहिलं बोलण्याचं. 'प्रिय ग्राहक' हा प्रकार आपल्या पत्रात नाही. प्रिय आपण घरच्याला लिहितो. ओळख नसलेल्याला 'श्री. अमुक यांस, नमस्कार' पुरतं. 'आपणास विनंती करण्यात येते की' याचीही गरज नाही, मराठीत अदब क्रियापदातच बसलेली असते. 'द्या', 'द्यावा', 'आणून द्यावा' यात मान आहे, वेगळं 'कृपया' चिकटवलं नाही तरी कोणाचा अपमान होत नाही. आणि 'आपल्या' शब्द सांभाळून वापरावा. मराठीत 'आपलं' म्हणजे तुमचंही आणि आपल्या दोघांचंही. आपल्याच एका ओळखीच्याला कुठल्याशा कार्यालयाकडून पत्र आलं होतं, 'आपल्या कार्यालयात उपस्थित राहावे'. तो दोन दिवस विचार करत होता, माझं कुठं कार्यालय आहे? आदर ठेवायचा तर 'तुम्ही'मध्ये भरपूर आदर आहे. आपल्या वऱ्हाडात तर सासऱ्यालाही 'तुमी' म्हणतात.

आता तोच मेसेज मी काकांसाठी पुन्हा लिहून पाहिला. नियम तोच, मुदत तीच, नकार तोच. कंपनीला जे म्हणायचं आहे त्यातलं काही कमी केलेलं नाही.

"श्री. ... यांस, नमस्कार. सोयाबीनच्या नुकसानीबद्दल तुमचा अर्ज मिळाला. शेतात पाणी साचल्यापासून ७२ तासांच्या आत शेतकऱ्याने आम्हाला कळवायला हवे, असा योजनेचा नियम आहे. तुम्ही त्या मुदतीत कळवल्याची नोंद आमच्याकडे सापडली नाही, म्हणून तुमचा विमा क्लेम मंजूर करता आला नाही. तुम्ही मुदतीत कळवले असेल तर त्याचा पुरावा द्या. फोन किंवा ॲपवरून कळवले असल्यास मिळालेला डॉकेट आयडी, कार्यालयात अर्ज दिला असल्यास त्याची पोच चालेल. हा पुरावा ... तारखेपर्यंत आमच्या तालुका प्रतिनिधीकडे द्यावा. त्या तारखेपर्यंत पुरावा मिळाला नाही तर अर्ज बंद होईल."

काही गोष्टी बघा. 'सूचना प्राप्त झाली नाही' याऐवजी 'नोंद सापडली नाही' असं लिहिलं. हा नुसता भाषेचा बदल नाही. शेतकऱ्यानं कळवलंच नाही, हे कंपनी खात्रीनं सांगू शकत नाही. तिच्याकडे नोंद नाही, एवढंच तिला माहीत आहे. करणारा कोण हे स्पष्ट लिहायला घेतलं की आपण किती खात्रीनं बोलतो आहोत तेही लिहावं लागतं. 'ज्याद्वारे', 'केली गेली' यात ते सहज लपतं.

'७ दिवसांच्या आत' काढून तारीख टाकली. सात दिवस कधीपासून? मेसेज सुटल्यापासून, पोचल्यापासून की वाचल्यापासून? आपल्याकडे रेंज गेली की मेसेज दुसऱ्या दिवशी पडतो. तारीख लिहिली की वाद मिटला. 'कोणताही कागदोपत्री पुरावा' याऐवजी कोणता पुरावा ते सांगितलं. काकांना कागद म्हटलं की स्टॅम्प पेपर आठवतो, मोबाइलमधला नंबर हा पुरावा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि 'क्लेम' ठेवला. शुद्धतावादी मित्रांनो, रागावू नका. गावात जो शब्द चालतो तो लिहायचा. 'दावा' मराठी असून फसवतो, 'क्लेम' इंग्रजी असून कळतो. मात्र ॲपवर आणि पावतीवर जो शब्द छापलेला आहे, जसा 'डॉकेट आयडी', तो बदलून गोड मराठी करू नये. माणूस तोच शब्द मोबाइलमध्ये शोधणार आहे.

माझ्या ओळखीच्या एका लिपिकाला हे दाखवलं. ते म्हणाले, "हे बोलीभाषेत झालं हो, उद्या कोर्टात टिकायला पाहिजे." आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण बघा, यात 'भेटन', 'देतीन' असं काही नाही. कार्यालयानं वऱ्हाडीत लिहावं असं मी म्हणत नाही, तसं आलं तर लोकांनाच ती थट्टा वाटेल. 'हवं' बोलतो तिथं 'हवे' लिहिलं आहे. नियम, मुदत, निकाल सगळं जागेवर आहे. कलम लिहायचं असेल तर कलम क्रमांक टाका, कुठंही बसतो. कोर्टात टिकतो तो मजकूर, वाक्याचं उलटं वळण नव्हे. उलट, तारीख न घालणारा जुना मेसेजच वादात पहिला लटपटेल.

'करण्यात येत आहे' सगळीकडून हाकला असंही मी म्हणणार नाही. 'अमुक यांची बदली करण्यात येत आहे' हे आदेशाचं वाक्य ठीक आहे. तिथं करणारं कार्यालय आहे, माणूस नाही, आणि ते वरच्या कागदावर छापलेलंच असतं. बिघडतं कुठं, तर समोरच्या माणसानं काहीतरी करायचं आहे आणि त्यालाच वाक्यातून काढून टाकलं जातं तिथं.

तपासायचं कसं? लिहिणाऱ्यानं स्वतः वाचून उपयोग नाही, त्याला अर्थ आधीच माहीत असतो. ज्यानं इंग्रजी मूळ पाहिलेलं नाही अशा एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. 'समजलं का' विचारू नका. आपला माणूस संकोचानं हो म्हणतो. 'आता तुम्ही काय करणार?' असं विचारा. जुन्या मेसेजवर काकांचं उत्तर होतं, वाट पाहणार. नवा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला तर शेवटच्या ओळीआधीच ते खिशातला मोबाइल काढून नातवाला म्हणाले, "तो नंबर काढ रे पाह्यलं."

मी त्यांना अर्ज लिहून दिला, डॉकेट आयडीचा स्क्रीनशॉट जोडला आणि आम्ही तो मंगरुळपीरला तालुका कृषी अधिकारी कार्यालयात देऊन पोच घेतली. नंतर २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याचे नियमच बदलले. पण मेसेजची भाषा तीच राहिली, कारण ती आधीच तयार करून ठेवलेली असते. अशी ठरलेली उत्तरं एका कंपनीकडं फार तर वीस-पंचवीस असतील. तीच हजारो लोकांना जातात, फक्त नाव आणि नंबर बदलतो. म्हणजे सुधारायचं काम डोंगराएवढं नाही. एकदाच बसून वीस-पंचवीस उत्तरं नीट लिहायची आणि पाठवण्याआधी गावातल्या पाच-सहा जणांना वाचून दाखवायची. त्याच खरिपात, ३ ऑक्टोबर २०२४ ला, केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. चौकात फटाके फुटले त्याचा मलाही आनंद झाला. पण विमा कंपन्यांशी करार करताना शेतकऱ्याला जाणारं प्रत्येक उत्तर आधी मराठीतच लिहिलं जाईल, इंग्रजीवरून उतरवलं जाणार नाही, अशी एक अट कृषी विभागानं टाकली तर तिला पैसा लागत नाही. ही मागणी मी लेखी देणार आहे.

त्यासाठी पुरावे हवेत. तुमच्या मोबाइलमध्ये विमा, बँक, वीजबिल, अनुदान यांचे असे मेसेज असतील तर स्क्रीनशॉट मला इनबॉक्स करा. नाव, खाते नंबर, आधार नंबर झाकून पाठवा. आणि मेसेज वाचून तुम्हाला आधी काय वाटलं होतं, तेही सोबत दोन ओळीत लिहा.